बांगड्या, नखुरडं आणि भिंतीवरची नोटीस

ताई, सिंहगड रोडला आमचं छोटं हॉटेल आहे. सकाळी मिसळ-वडा, दुपारी आणि रात्री थाळी, सगळं शाकाहारी. माणसं चौदा, त्यातली नऊ आत आणि पाच बाहेर. गेल्या महिन्यात एका थाळीत केस निघाला आणि गिऱ्हाइकाने त्याचा फोटो टाकला. मी चिडून नोटीस लावली: "सोमवारपासून युनिफॉर्म, टोपी, मास्क व हातमोजे सक्तीचे. दाढी, वाढलेले केस, नखे चालणार नाहीत. अंगठ्या, बांगड्या, दोरे, गळ्यातले काढून यावे. जीबीएसमुळे स्वच्छता आवश्यक आहे. नियम मोडल्यास प्रत्येक वेळी 200 रुपये दंड. आदेशावरून." सोमवारी पोळ्यांच्या दोन्ही मावशी आल्याच नाहीत. वडेवाला माझ्याशी बोलत नाही. बाकीचे टोपी घालतात आणि मी वळलो की काढतात. नियम तर हवेतच, आणि नोटीस मागे घेतली तर उद्या माझं कोण ऐकेल? ती कशी लिहू?
– सिंहगड रोडवरचा हॉटेलवाला

नमस्कार,

आधी मावशींचं बोलू, कारण तुमच्या रात्रीच्या पोळ्या त्यांच्यावर अडल्या असणार.

आपल्याकडे बांगडी फुटली तरी बाई "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणते. हातातल्या बांगड्या कोणत्या प्रसंगी उतरवतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तुम्ही भिंतीवर, चार पुरुषांसमोर, "बांगड्या, गळ्यातले काढून यावे" असं लिहिलंत, खाली दंड लिहिलात आणि बांगड्या का काढायच्या याचं कारण एका शब्दानेही दिलं नाही. त्या दोघींनी ते वाचलं असेल किंवा कुणी वाचून दाखवलं असेल. त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

तरी नियम बरोबरच आहे. काचेची बांगडी कणीक मळताना परातीच्या काठावर आपटते आणि पिचते. तिचा गव्हाएवढा तुकडा कणकेत गेला तर शोधून सापडत नाही. तो पोळीत भाजला जातो आणि कुणाच्या तरी दाताखाली येतो, बहुधा घाईघाईत जेवणाऱ्या पोराच्या. हे कारण मावशींना समोर बसून सांगा. मी तीन स्वयंपाकघरांत सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी ते पटलं आहे, कारण काच कणकेत जाण्याची धास्ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते. पुढचा प्रश्न सोयीचा. त्यांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली द्या आणि प्रत्येकीच्या नावाचा, कुलपाचा एक छोटा डबा द्या. बांगड्या स्वतःच्या हाताने उतरवून त्यात ठेवायच्या आणि जाताना भरायच्या. मंगळसूत्र काढायला सांगू नका. ते बंद गळ्याच्या ॲप्रनच्या आत गेलं, लोंबत नसलं, की काम झालं. अन्नसुरक्षेचे नियम दागिन्यांना सरसकट नको म्हणतात हे मला माहीत आहे. पण परातीवर लोंबणारं मंगळसूत्र आणि कपड्याआड झाकलेलं मंगळसूत्र यांत मी फरक करते. आजवर कुणी तपासनीसाने त्यावर बोट ठेवलेलं मी पाहिलं नाही.

दोऱ्यांचंही असंच. मनगटावरचा लाल दोरा, गंडा, कुठल्या देवाचा धागा हे दिवसभर ओले राहतात. हात धुतले तरी दोरा धुतला जात नाही आणि वाळतही नाही. सकाळचं पीठ, दुपारचं दही, संध्याकाळचं बेसन सगळं त्यात मुरतं. अंगठीखालची ओल तशीच, तिथे साबण पोचत नाही. दोरा तोडायला मात्र कुणी तयार होणार नाही, आणि सांगूही नये. "दंडाला बांध" म्हणा. ताईत दंडाला बांधायची आपल्याकडे जुनीच रीत आहे, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. अंगठी त्याच डब्यात. गल्ल्यावर बसून मधूनच आत येऊन आमटीची चव बघायची सवय तुम्हाला असेल आणि बोटात अंगठी असेल, तर सगळ्यात आधी तुमची अंगठी डब्यात गेली पाहिजे, आणि ती जाताना सगळ्यांना दिसली पाहिजे.

आता वडेवाल्याकडे येते. त्याचं दुखणं बहुधा दाढीचं किंवा हाताचं असेल. दाढीचं पुढे बोलू. हाताचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुमच्या नोटिशीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम तुम्ही लिहिलेलाच नाही.

मी एका हॉटेलात भटारखाना सांभाळत होते तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. एका ऑफिसची संध्याकाळी सहाची साठ वड्यांची ऑर्डर होती. आमच्या आचाऱ्याच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. नखाच्या कडेला सूज, आत पू. त्याने हळद लावून चिंधी बांधली होती आणि मला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं आणि दिवसाचा पगार गेला असता, हे त्याला ठाऊक होतं. दुपारी एकला त्याने उकडलेले बटाटे सोलून हाताने कुस्करले, फोडणी घातली आणि सारण घमेल्यात झाकून ठेवलं. साडेपाचला वडे तळायला घेतले. तेल कडकडीत, वडे झकास. रात्री नऊपर्यंत त्या ऑफिसातून चार फोन आले. लोकांना एकामागून एक उलट्या होत होत्या.

तेव्हा सगळ्यांनी तेलावर खापर फोडलं. तेल चांगलं होतं. झालं ते बहुधा असं होतं: नखुरड्याच्या पुवात आणि कित्येक धडधाकट माणसांच्या नाकातही स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तो चिंधीतून बटाट्यात उतरला. बटाटा उकडल्यामुळे त्यातले बाकीचे जंतू मेले होते, म्हणजे नव्या पाहुण्याला रान मोकळं. पुण्यातला मे महिना, झाकलेलं कोमट घमेलं. दर अर्ध्या तासाला जंतू दुप्पट होतात असं धरलं तरी साडेचार तासांत एकाचे पाचशे होतात. तळताना जंतू मरतात, पण त्यांनी तोवर सारणात सोडलेलं विष मरत नाही. ते अर्धा तास उकळलं तरी टिकून राहतं. त्यामुळे गरमागरम, ताजा, खमंग वडा खाऊनही माणूस तीन तासांत ओकतो. लक्षणावरूनही अंदाज येतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या आणि ताप फारसा नाही, तर आधी कुणाच्या तरी हाताकडे आणि सारण किती वेळ बाहेर राहिलं याकडे बघावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब सुरू झाले तर गोष्ट बहुधा वेगळी असते. आमच्याकडे तपासायला वड्याचा तुकडाही उरला नव्हता, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण आचाऱ्याचा अंगठा मी त्या रात्री पाहिला.

यातून तुमच्या नोटिशीसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, कापलं, भाजलं, फोड आला, नखुरडं झालं की कामाला हात लावण्याआधी सांगायचं. साधी चीर असेल तर धुऊन निळी वॉटरप्रूफ पट्टी लावायची आणि वर हातमोजा. पट्टी निळी, कारण निळ्या रंगाचा पदार्थ आपल्या थाळीत नसतो, गळून पडली तर लगेच दिसते. पू असेल तर त्या हाताने अन्नाला हात नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सांगणाऱ्याचा एक रुपयाही कापायचा नाही. त्याला त्या दिवशी धान्य मोजायला, कोठी लावायला किंवा फोनवर ऑर्डर घ्यायला बसवा. उलट्या-जुलाब झालेल्या माणसाला ते थांबल्यानंतरही 48 तास आत घेऊ नका आणि ते दिवस पगारी धरा. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत, ज्याला सगळे शेड्यूल 4 म्हणतात, कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, वाहणारी जखम असलेल्याने अन्न हाताळू नये असं स्पष्ट आहे. पण पगार कापला जाणार असेल तर हा नियम कोणीही पाळत नाही. माणूस चिंधी बांधून कामाला येतो.

आता तुमच्या 200 रुपयांच्या दंडाबद्दल. वेतन कायद्यात असा मनाला येईल तेव्हा दंड कापता येत नाही. कोणत्या चुकीला दंड हे आधी रीतसर मंजूर करून जाहीर करावं लागतं, माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते आणि एका महिन्यात दंडाची एकूण रक्कम त्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नये. 14,000 पगार धरला तर महिन्याला फार तर 420 रुपये. म्हणजे तुमचा तिसरा दंड तसाही कायद्याबाहेर गेला. युनिफॉर्मचे पैसेही पगारातून कापू नका. पण कायद्यापेक्षा मला दुसरी भीती आहे. दंड लावला की लोक नियम पाळत नाहीत, लपवायला शिकतात. टोपीचं लपवणं तुम्ही पाहिलंच. जखमेचं लपवणं तुम्हाला दिसणार नाही.

हातमोजे आणि मास्क सगळ्यांना सरसकट नका लावू. पोळ्या भाजणाऱ्या बाईच्या हातात पातळ प्लास्टिकचा मोजा तव्याजवळ वितळून कातडीला चिकटतो. बाकीच्यांचं म्हणाल तर मोजा घातलेला माणूस हात धुवायचं सोडतो. त्याच मोज्याने तो मोबाइल उचलतो, सुटे पैसे देतो, कपाळ पुसतो आणि मग कोशिंबीर वाढतो. मोजा कुठे हवा? जे पुन्हा शिजणार नाही ते हाताळताना: कोशिंबीर, चिरलेला कांदा-लिंबू, पापड, शेव, ताट लावणं. ते काम बदललं की मोजा फेकायचा. बाकी सगळीकडे धुतलेला हात. मास्क पार्सल भरणाऱ्याला आणि ताटं लावणाऱ्याला द्या. कढईसमोर, मे महिन्यात, बारा तास मास्क कोणी लावत नाही. तो हनुवटीवर येतो आणि दर दहा मिनिटांनी हाताने ओढला जातो. तो नसलेला परवडला. तपासणीला आलेला अधिकारी विचारेल तेव्हा मास्क आणि मोजे हजर असावेत, आणि कोणत्या कामाला कोणते हे माणसाला सांगता यावं.

हात धुण्याबद्दल तुमच्या नोटिशीत ओळच नाही! आणि जे तुम्ही लिहिलंत त्या सगळ्याहून ते मोठं आहे. काविळीचंच बघा. दूषित हातातून पसरणारी हेपॅटायटिस ए ही कावीळ सगळ्यात जास्त पसरते ती डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. त्या दिवसांत माणूस हिंडता-फिरता असतो, फार तर म्हणतो "जरा भूक नाही". त्याला घरी बसवायला कारण नाही. तेव्हा वाचवतो तो फक्त संडासानंतरचा साबण.

पण मला आधी सांगा, तुमच्याकडे हात धुवायला वेगळं बेसिन आहे का? भांडी घासायच्या मोरीत हात धुणं म्हणजे खरकट्यात हात बुडवणं. आतल्या दाराशी एक छोटं बेसिन बसवा, भिंतीला लिक्विड सोप लावा आणि हात पुसायला कागद ठेवा. वडीचा साबण ओल्या बशीत दिवसभर लिबलिबत असतो, तो नको, आणि सगळ्यांत एक असा टॉवेल तर मुळीच नको. केव्हा धुवायचं ते मोजकंच सांगा: आत शिरताना, संडासाहून आल्यावर, केर-कचरा, पैसे, मोबाइल यांना हात लागल्यावर, नाक शिंकरल्यावर आणि तंबाखूनंतर. वीस सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरायचे नाहीत.

तंबाखूचं जरा थांबून सांगते, कारण नोटिशीत कुणी ते लिहीत नाही. तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, चिमूट उचलायची, बोटाने ओठाखाली सारायची. म्हणजे बोट थेट तोंडात, आणि दिवसातून आठ-दहा वेळा. मिशरी लावणाऱ्या मावशींचंही तेच. "तंबाखू बंद" लिहिलंत तर मागच्या दाराआड चालू राहील आणि हात धुतला जाणार नाही. आवारात आत नाही, पण चहाच्या सुट्टीत बाहेर, आणि आत येताना साबणाने हात, असं लिहा. मला तंबाखू आवडत नाही, पण तुम्ही इथे व्यसनमुक्ती करायला बसलेले नाही, वड्यात थुंकी जाऊ नये म्हणून बसला आहात.

नियम पाळला जातो का हे कळायला दारामागे उभं राहायची गरज नाही. साबणाची बाटली बघा. आतली नऊ माणसं, दिवसातून निदान आठ वेळा हात धुतात, म्हणजे 72 वेळा. एका दाबाला साधारण दोन मिलीलिटर साबण निघतो, म्हणजे रोज 144. अर्ध्या लिटरची बाटली साडेतीन दिवसांत संपली पाहिजे. पंधरा दिवस पुरली तर हात धुणं फक्त नोटिशीत आहे असं समजा. बाटली भरली की तारीख लिहून ठेवायची, एवढंच काम. हे कुणावर पाळत ठेवल्यासारखंही वाटत नाही.

युनिफॉर्म. प्रत्येकाला तीन जोड द्या, दोन नव्हे. एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कपडा दोन दिवस वाळत नाही. मग माणूस ओला, कुबट सदरा घालून येतो किंवा कालचाच घालतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. कापड सुती घ्या. पॉलिस्टर स्वस्त आणि इस्त्री टिकवणारं, पण उकळतं तेल उडालं की कातडीला चिकटतं. आतल्यांच्या सदऱ्याला छातीवर खिसा नको. वाकलं की त्यातून पेन, तंबाखूची पुडी, बिल पातेल्यात पडतं. कपडे हॉटेलातच बदलायचे. घरून युनिफॉर्म घालून, बसमधून धक्के खात आलेला ॲप्रन पांढरा असला तरी स्वच्छ नसतो. पायात बंद, न घसरणारी चप्पल किंवा बूट, आणि याचं कारण स्वच्छतेपेक्षा भाजण्याचं आहे, तेच सांगा. बाहेरच्या पोरांच्या खांद्यावरचं फडकं काढा. टेबल, ताटाची कड आणि स्वतःचा घाम, तिन्ही त्याच फडक्याने पुसलं जातं. टेबलाचं एका रंगाचं, ताटाचं दुसऱ्या रंगाचं, आणि खांदा ही ठेवायची जागा नाही.

केसाला टोपी पुरत नाही. तुमच्या थाळीतला केस बहुधा टोपीच्या कडेतून आला असेल. आधी जाळी, कान झाकून, वर टोपी. वेणी आत, आणि कामाच्या वेळी गजरा नको, फुलं गळतात. मेंदी चालेल, नेलपॉलिश नको, कारण ते टवके उडून पडतं. नखं बोटाच्या टोकापलीकडे दिसता कामा नयेत. दर सोमवारी बेसिनजवळ नेलकटर ठेवलात तर बोलावंच लागत नाही.

आणि दाढी. खरं सांगा, दाढी तुम्हाला अन्नासाठी नको आहे की तुमच्या डोळ्यांना नको आहे? अन्नासाठी असेल तर दाढीची जाळी मिळते, ती पुरते. तुमच्या नोटिशीचा खरा घोटाळा इथे आहे असं मला वाटतं. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका कागदावर टाकल्यात. काच कणकेत जाऊ नये हा एक नियम. वाढप्याने इस्त्रीचा शर्ट घालावा आणि दाढी कोरलेली असावी ही मालक म्हणून तुमची आवड, त्यातही काही चूक नाही. पण दोन्ही "स्वच्छतेसाठी" म्हणून लिहिलं की लोक दाढीचा नियम बघून काचेच्या नियमालाही मालकाची लहर समजतात. बाहेरच्या पाच जणांसाठी वेगळा कागद करा आणि त्यावर सरळ लिहा, "गिऱ्हाइकाला टापटीप दिसलं की बरं वाटतं, म्हणून."

जीबीएसचं नाव तर काढूनच टाका. 2025 च्या जानेवारीत हातपाय लुळे पाडणाऱ्या या आजाराची साथ तुमच्याच रस्त्यावर, नांदेड, किरकटवाडी भागात आली, तेव्हा संशयाची सुई मुख्यतः पाण्यावर होती. तुमच्या पोरांना ते माहीत आहे, त्यांच्यातले काही तिथेच राहत असतील. टोपी घातली की जीबीएस टळतो असं लिहिलंत तर बाकीच्या कारणांवरही कोण विश्वास ठेवेल? पाण्याची टाकी केव्हा धुतली ते मात्र बघा. ते काम मालकाचं आहे, वेटरचं नाही.

नोटीस मी साधारण अशी लिहिली असती. तुमच्या शब्दांत बदला:

"सर्वांना नमस्कार. मागची नोटीस रागात लिहिली होती, ती मागे घेत आहे. दंड रद्द. कापलेला दंड असेल तर या पगारात परत मिळेल. एक तारखेपासून पुढचे नियम मलाही लागू आहेत.

आत येताना आणि संडास, कचरा, पैसे, मोबाइल, तंबाखू यांनंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. काही आजार दिसायच्या आधीच हातातून पसरतात, म्हणून तब्येत चांगली असली तरी. दाराशी नवीन बेसिन आहे.

हात कापला, भाजला, फोड किंवा नखुरडं आलं, उलटी, जुलाब, ताप, कावीळ झाली तर काम सुरू करण्याआधी सांगायचं. पगार कापला जाणार नाही. जखमेतल्या जंतूंचं विष तळूनही जात नाही, गिऱ्हाईक आजारी पडतं.

काचेच्या बांगड्या, अंगठ्या कामाच्या वेळी आपापल्या डब्यात. काच पिचून कणकेत जाते, अंगठीखाली साबण पोचत नाही. मंगळसूत्र ॲप्रनच्या आत चालेल. मनगटाचा दोरा दंडाला बांधावा.

केसांना जाळी आणि वर टोपी, दाढी असेल तर दाढीची जाळी. नखं कापलेली. मोजे फक्त कोशिंबीर, पापड, ताट आणि पार्सलसाठी, काम बदललं की नवे.

प्रत्येकाला तीन जोड कपडे हॉटेलकडून. ते इथेच बदलायचे, धुलाई हॉटेलची. वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी आणि टायफॉइडची लस, खर्च हॉटेलचा.

एखादा नियम कामात आडवा येत असेल तर मला सांगा, बघू."

सही करा, नाव लिहा. "आदेशावरून" हा शब्द तलाठी कार्यालयात शोभतो, चौदा माणसांच्या हॉटेलात नाही. वर्षाच्या तपासणीची ओळ मी मुद्दाम घातली आहे, ती शेड्यूल 4 मध्येच आहे आणि तिचे कागद तुमच्या फाइलला लागतात. टायफॉइडची साधी लस तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, तारखा लिहून ठेवा.

हा कागद मराठीत आणि हिंदीत लावा, आणि लावण्याआधी वाचून दाखवा. वेळ दुपारी साडेतीनची, जेवणं आटोपल्यावर आणि संध्याकाळची तयारी सुरू व्हायच्या आत, हातात चहा असताना. वड्याची गोष्ट सांगायची असेल तर माझी सांगा, पण वडेवाल्याकडे बघत सांगू नका. त्याला आधी एकट्याला भेटा आणि सारण कुस्करून झाल्यावर किती वेळ बाहेर राहतं ते त्यालाच विचारा. थोडं थोडं करायचं की पसरट परातीत निववून लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं, हे तो तुमच्यापेक्षा चांगलं ठरवेल. फक्त खोल घमेल्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका, मधलं सारण तासन्‌तास कोमट राहतं.

बेसिन, डबे, कपडे आणि निळ्या पट्ट्या आल्याशिवाय तारीख घालू नका. बेसिनला प्लंबर आठवडाभर लावेल असं धरून चाला.

नोटीस मागे घेतली तर कोण ऐकेल, असं विचारलंत. चूक कागदावर कबूल करणाऱ्या मालकाचं ऐकतात, हे मी पाहिलं आहे. मावशींना मात्र कागद पाठवू नका आणि पोऱ्याच्या हाती निरोपही नको. उद्या दुपारनंतर स्वतः त्यांच्या घरी जा, शक्यतो घरातल्या बाईमाणसाला बरोबर घेऊन. आधी बांगड्यांच्या शब्दाबद्दल माफी मागा आणि मग कणकेतली काच सांगा. आणि खोलीला कडी कुठे हवी, डबे कुठल्या उंचीवर, हे त्यांना विचारून ठरवा.